भाव आधी, पणत्या मग

दसरा झाला की आमच्या फ्लेक्सच्या दुकानात गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरूनच आत येतं. "डिझाइन तयार आहे भाऊ, फक्त भाव टाकून छापून द्या." हे 'फक्त' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. पूर्वी लोक हाताने लिहिलेली चिठ्ठी आणायचे, आता एआयने काढलेलं चित्र आणतात. चित्र बहुतेक वेळा झकास असतं, नाही असं नाही. पण भाव टाकायला त्यात बोटभर जागा नसते.

गेल्या दिवाळीला आमच्या पेठेतल्या एक काकू आल्या. त्यांचं घरगुती फराळाचं एका शटरचं दुकान आहे. वसुबारसेपर्यंत ऑर्डर नोंदवणाऱ्याला कमी भावात फराळ, असा त्यांचा सेल होता आणि दुकानावर लावायला सहा बाय तीनचा फ्लेक्स हवा होता. चित्र भाच्याने करून दिलं होतं. त्याने एआयला जे लिहून दिलं होतं, म्हणजे ज्याला सगळे प्रॉम्प्ट म्हणतात, तेही मोबाइलमध्ये होतं:

```
दिवाळी सेल बॅनर, फराळ, दिवे, रांगोळी,
किमतींसाठी जागा ठेवा, सुंदर, आकर्षक
```

वाचायला यात काही चूक दिसत नाही. मीही पहिल्यांदा असंच लिहिलं असतं. चित्रात मात्र खालपासून वरपर्यंत पणत्या, मधोमध रांगोळी, चारी कोपऱ्यांत झेंडूची तोरणं आणि वर सोनेरी अक्षरांत 'दिवाळी'सारखं दिसणारं पण 'दिवाळी' नसलेलं काहीतरी होतं. काना आणि वेलांटी एकमेकांत गुंतलेल्या, पुढे एक जोडाक्षर, जे कुठल्याच लिपीत नसावं. किमतींसाठी जागा मागितली होती, तिथे चार लाल लेबलं लोंबत होती. प्रत्येकावर रुपयाच्या चिन्हासारखं चिन्ह आणि पुढे निरर्थक आकडे. काकूंचं लक्ष मात्र भलतीकडेच.

"ह्या काय चकल्या आहेत? ह्या तर डासांच्या कॉइल!"

खरंच होतं ते. गुळगुळीत, काटे नसलेली वेटोळी, मधूनच जिलबीसारखी चकाकणारी. चकलीला काटे येतात ते सोऱ्याच्या चांदणीच्या चकतीमुळे. हे ज्याने कधी सोऱ्या दाबला नाही त्याला कुठून कळणार?

काकूंना मी बसवलं आणि भाच्यालाही बोलावून घेतलं. त्या संध्याकाळी आम्ही जे केलं ते इथे जसंच्या तसं सांगतो, कारण दुकान कपड्याचं असो की भांड्यांचं, घोळ याच ठिकाणी होतो.

आधी हे यंत्र चित्र कसं काढतं ते थोडक्यात. त्याला लाखोकोट्यवधी चित्रं आणि प्रत्येकाखालची ओळ दाखवून शिकवलेलं असतं. आपण काही लिहिलं की बहुतेक साधनं जुन्या टीव्हीवर मुंग्या येत तशा ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि पायरीपायरीने तो गोंधळ निवळत नेतात. निवळताना आपला प्रत्येक शब्द चित्राला आपल्याकडे ओढतो. 'पणती' म्हटलं की पणतीसारखं काहीतरी उमटायला लागतं. मग 'बॅनर' म्हटल्यावर काय उमटेल? शिकताना पाहिलेल्या प्रत्येक बॅनरवर अक्षरं होती. 'सेल'वर टक्के होते, 'किंमत'वर लेबलं आणि आकडे. भाच्याने जागा मागितली, पण ती मागताना 'किमती' हा शब्द वापरला, म्हणून यंत्राने इमानेइतबारे किमतीच काढल्या.

उलट बाजूनेही हीच गंमत. 'अक्षरं नकोत' असं लिहिलं तर अनेकदा अक्षरं हमखास येतात. चित्राखालच्या ओळीत लोक चित्रात काय आहे ते लिहितात, काय नाही ते सहसा कोणी लिहीत नाही. त्यामुळे 'नको' हा शब्द यंत्राच्या कानावरून जातो आणि 'अक्षरं' तेवढा आत शिरतो. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, तिथे लिहिलेलं बऱ्यापैकी पाळलं जातं. नवी साधनं 'नको' पूर्वीपेक्षा बरं समजतात, इंग्रजी अक्षरंही नीट काढतात. पण देवनागरी जोडाक्षरांवर आणि आकड्यांवर मी अजून विसंबत नाही. ४८०चा ४३० झाला तर गिऱ्हाईक भांडायला काकूंच्या दारात येणार, यंत्राच्या नाही.

तेव्हा पहिला निर्णय असा झाला की सेलच्या बॅनरच्या प्रॉम्प्टमध्ये सेल, बॅनर, किंमत, ऑफर, सूट यांतला एकही शब्द येणार नाही. भाच्याला हे चमत्कारिक वाटलं. पण चित्रकाराकडून आपल्याला बॅनर नकोच होता. बॅनर मी कोरलमध्ये करणार होतो. त्याच्याकडून हवी होती ती बॅनरमागची जागा.

दुसरा निर्णय मोबाइल बाजूला ठेवून घेतला. काकूंसमोर कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, "आधी भाव लिहा." त्यांनी अकरा जिन्नस लिहिले. चकली, चिवडा, करंजी, शेव, अनारसे, शंकरपाळे, चार प्रकारचे लाडू आणि शेवटी सगळं थोडं थोडं असलेला डबा.

त्यांच्या दुकानासमोरचा रस्ता पलीकडच्या कट्ट्यापर्यंत साधारण तीस फूट. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे, दहा फूट अंतराला अक्षराची उंची एक इंच. त्याहून लहान अक्षर वाचता येतं, पण थांबून, डोळे ताणून. चालत्या माणसासाठी तीस फुटांवरून तीन इंचांचा आकडा हवा. फ्लेक्सची उंची तीन फूट, म्हणजे छत्तीस इंच. वर 'दिवाळी फराळ' हा मथळा पाच इंच. त्याखाली तीन इंच मोकळे. मग भावाच्या ओळी, प्रत्येकी तीन इंच, मध्ये दोन-दोन इंच. तळाशी तीन इंचांत 'वसुबारसेपर्यंतच' आणि फोन, त्याच्या वर दोन इंच मोकळे. वर-खाली कडेला अडीच-अडीच इंच सोडलेच पाहिजेत, कारण तिथे रिंगा ठोकतात आणि कापड दुमडतं. बेरीज केली तर भावाच्या ओळी बसतात फक्त चार. पाचवी घातली की आकडे आक्रसायला लागतात.

"चारच?" काकूंचा चेहरा पडला.

"बाकीचे आत काउंटरवर लिहा. रस्त्यावरून माणूस आत येण्यापुरतं चार पुरे."

बराच वेळ विचार करून त्यांनी चकली, चिवडा, करंजी आणि डबा ठेवले. बेसनाच्या लाडवावर त्यांचा जीव होता, पण डब्यात तो होताच. मग रुंदीचा हिशेब. सगळ्यांत लांब ओळ 'फराळ डबा ₹१,२५०' ही होती. ठसठशीत तीन इंची अक्षरांत ती साधारण चौतीस इंच भरली. दोन्हीकडे श्वास घ्यायला जागा धरून चाळीस इंच. फ्लेक्स बहात्तर इंच रुंद, म्हणजे अर्ध्याहून थोडी जास्त रुंदी भावांना गेली आणि उरलेली बत्तीस इंच मालाला आणि दिवाळीला. आता कुठे प्रॉम्प्टला हात लावायला हरकत नव्हती. किती मोकळं हवं, कुठे हवं आणि उरलेल्यात काय बसणार, हे आता ठाऊक होतं.

मोकळं कसं मागायचं, खरी मेख तिथे आहे. 'रिकामी जागा' असं मागितलं तर यंत्र ती भरतं. त्याला रिकामेपण माहीत नाही, वस्तू माहीत आहेत. म्हणून रिकामी जागासुद्धा वस्तू म्हणून मागायची. सपाट भिंत, रंगीत कापड, संध्याकाळचं निरभ्र आकाश, जमिनीवरची शहाबादी फरशी. भिंत मोकळी असू शकते हे त्याने पाहिलेलं आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक युक्ती आहे. फोटो विकणाऱ्या संस्था मजकुरासाठी मोकळी बाजू असलेल्या फोटोखाली `copy space` असं लिहितात. यंत्राने असे फोटो ढिगाने पाहिले असल्यामुळे तो शब्द बऱ्यापैकी चालतो. तरी मी भिंतीचं वर्णन सोडत नाही. कारण नुसत्या त्या शब्दाने मोकळी बाजू येते खरी, पण तिचा रंग आणि पोत यंत्राच्या मर्जीवर राहतो.

टक्के लिहून उपयोग नाही. 'पंचावन्न टक्के उजवीकडे मोकळं' लिहिलं तर कधी चाळीस येतात, कधी सत्तर. मोजपट्टी त्याच्याजवळ नाही. 'अर्ध्याहून बराच मोठा भाग' असं गरजेपेक्षा जास्त मागावं आणि नंतर कापावं.

रंग कोणता घ्यायचा यावर काकू आणि भाचा यांच्यात थोडी खडाखडी झाली. भाच्याला केशरी हवा होता. पडद्यावर तो केशरी पेटलेला दिसतो, पण छापताना चार शाईंच्या मिश्रणात तितका उजेड येत नाही आणि झेंडू विटक्या भोपळ्यासारखा होतो. शिवाय केशरीवर ना पांढरा आकडा उठून दिसतो ना पिवळा. गडद डाळिंबी ठरला. त्यावर फिकट पिवळे आकडे दिवसाही वाचता येतात आणि संध्याकाळी दुकानाच्या बल्बखालीही.

पहिला प्रयत्न मातीने लिंपलेल्या भिंतीचा केला. मला वाटलं, घरगुती फराळ आहे तर भिंत घरगुती असू द्या. चित्र आलं. भिंत सुंदर लिंपलेली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात वारलीची नाचणारी माणसं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत! कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. मातीची भिंत आणि वारली चित्रं हे जोडपं यंत्राने इतक्यांदा एकत्र पाहिलं होतं की एकाला बोलावल्यावर दुसरं आलंच. असं झालं की 'वारली नको' लिहीत बसू नये. जो शब्द पाहुण्याला आणतो तोच बदलावा. 'लिंपलेली' काढून 'गुळगुळीत, एकाच रंगात रंगवलेली' केलं आणि नाचणारी मंडळी निघून गेली.

आकाशकंदिलाची कथा तर याहून मजेशीर. आपण आकाशकंदील म्हणतो तो दारात टांगलेला, कागदाचा, खाली झिरमिळ्या असलेला. यंत्राने त्या शब्दाची फोड केली असावी, आकाश आणि कंदील. चित्रात काळ्या आभाळात तरंगत जाणारे, तळाशी ज्योत असलेले कागदी फुगे आले, पूर्वेकडच्या देशांत सोडतात तसे. नुसता 'कंदील' लिहिला तर काचेचा, वातीचा, रॉकेलवर जळणारा आला. सणाच्या वस्तूचं नाव लिहून भागत नाही, तिचा आकार लिहावा लागतो. दसऱ्याचा फ्लेक्स करताना आपट्याच्या पानाचं असंच होतं. नाव लिहिलं तर कुठलंही पान येतं, 'दोन गोल पाकळ्या जोडल्यासारखं छोटं हिरवं पान' लिहिलं तर जवळपास येतं. गुढीचं तर विचारूच नका. काठीला झेंडा लावून मोकळा होतो. उलटा तांब्या, जरीचं वस्त्र, कडुलिंबाची डहाळी, साखरेची गाठी असं एकेक सांगूनही तांब्या सुलटा येतो तो येतोच.

उरला माल. भाच्याचा आग्रह होता की चकल्यांचं वर्णन सुधारून पुन्हा काढू. काटे लिहू, रंग लिहू. मी नाही म्हटलं, आणि त्याला कारण आहे. ती चकली कितीही हुबेहूब आली तरी ती काकूंची चकली नाही. काकूंची चकली भाजणीची, थोडी तांबूस, आकाराने लहान. फ्लेक्सवर गलेलठ्ठ सोनेरी चकली पाहून आलेला माणूस पाकिटात वेगळीच पाहणार. मालाचं खोटं वर्णन करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी ठरते, ती गोष्ट आहेच. पण कायद्याच्याही आधी पेठेत तोंडं सुटतात. साडीवाल्यांना मी हेच सांगतो. यंत्राच्या पैठणीचा काठ तुमच्या कपाटात नाही, मग दाखवता कशाला?

म्हणून मालाच्या जागी यंत्राकडून मागायचं ते आसन. पाट, चौरंग, ओटा, काहीही, पण वर काही न ठेवलेला. माल आपण आपल्या फोटोतून आणून बसवायचा. इथेही रिकामेपणाची तीच अडचण येते. 'रिकामं ताट' लिहिलं तर दर दोन चित्रांत एकदा ताटात लाडू येतात. आम्ही ताट वगळलं आणि फक्त पाट ठेवला. ताट काकूंच्या घरचंच फोटोतून येणार होतं. शेवटी जो प्रॉम्प्ट चालला तो हा:

```
आडवे छायाचित्र. उजवीकडचा अर्ध्याहून बराच
मोठा भाग गुळगुळीत, एकाच गडद डाळिंबी रंगात
रंगवलेली साधी भिंत. डावीकडे खाली भिंतीला
लागून जुना लाकडी पाट, वरचा पृष्ठभाग स्वच्छ
आणि मोकळा. पाटाच्या डाव्या टोकाशी दोन
पेटत्या मातीच्या पणत्या, थोडी झेंडूची फुले.
डाव्या वरच्या कोपऱ्यात टांगलेला षटकोनी,
पिवळ्या कागदाचा दिवा, खाली कागदी झिरमिळ्या.
उबदार प्रकाश डावीकडून वरून, सावल्या उजवीकडे.
कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.
वर आणि खाली थोडी जास्त भिंत व जमीन.
```

यात 'सुंदर' नाही, 'आकर्षक' नाही. ते शब्द यंत्राला सजावट वाढवायला सांगतात आणि सजावट वाढली की ती भिंतीवर चढते. शेवटच्या तीन वाक्यांविषयी मात्र सांगायला हवं, कारण लोक नेमकी तीच सोडतात.

प्रकाशाची दिशा लिहिली नाही तर यंत्र हवी तशी घेतं आणि मग आपला फोटो त्यात उपरा दिसतो. पणत्या डावीकडे आणि चकलीची सावलीही डावीकडे पडलेली, असं झालं की पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चिकटवलेलं आहे हे कळतं. आम्ही दिशा आधी ठरवली, म्हणून काकूंना घरी फोटो काढताना नेमकं सांगता आलं. खिडकी डाव्या हाताला ठेवा, ट्यूबलाइट बंद करा, उजव्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा म्हणजे सावली काळीकुट्ट होणार नाही. कॅमेऱ्याची उंचीही तशीच. ताट वरून सरळ खाली पाहून टिपलं तर ते पूर्ण गोल दिसतं. बाजूने पाहिलेल्या पाटावर असं गोल ताट ठेवलं की ते घसरून खाली पडेल असं वाटतं. काकू जमिनीवर बसल्या, ताट पुढच्या पाटावर ठेवलं, थोडं मागे सरकून झूम करून फोटो घेतला. अगदी जवळून घेतला असता तर पुढची करंजी नारळाएवढी आणि मागचा चिवडा चिमूटभर दिसला असता. ताटाखाली मी कोरलमध्ये एक पुसट काळी सावली टाकली. ती नसेल तर ताट हवेत तरंगतं.

'वर आणि खाली थोडी जास्त' यामागे कापाकापीचा हिशेब आहे. फ्लेक्स दोनास एक या प्रमाणात आणि चित्र मिळालं ते १५३६ बाय १०२४ ठिपक्यांचं, म्हणजे तिनास दोन. वरखालून कापून ते १५३६ बाय ७६८ झालं. वर मोकळं सोडलेलं नसतं तर आकाशदिव्याचं डोकं उडालं असतं. आता १५३६ ठिपके बहात्तर इंचांवर पसरले की इंचाला एकवीस येतात. जवळून पाहिलं तर पणतीची ज्योत पायऱ्यापायऱ्यांची दिसेल. आकार वाढवणाऱ्या साधनातून चौपट केलं, ६१४४ ठिपके झाले, इंचाला पंच्याऐंशी. दुकानाच्या फ्लेक्सला तेवढं भरपूर होतं. अक्षरांना ही चिंता नाही. कोरलमधलं अक्षर ठिपक्यांचं नसतं, रेषेचं असतं, कितीही वाढवा, कड धारदारच राहते. चित्रात अक्षरं नकोत म्हणून मी हट्ट धरतो त्याचं हेही एक कारण. मुंबईच्या एक टाइप मंडळींनी केलेले 'बालू' आणि 'मुक्ता' हे टाइप मोफत मिळतात. भावांसाठी मी 'बालू'ची जाड वळणं घेतो, लांबून २ आणि ३ वेगळे ओळखू येतात.

भिंत आली तरी तिचा उजवा कोपरा पूर्ण साफ नव्हता. मागे धूसर, गोल दिव्यांचे ठिपके उमटले होते. दिवाळीच्या फोटोंत ते इतक्यांदा असतात की यंत्राचा हात तिकडे वळतोच. प्रॉम्प्टशी आणखी तासभर झटापट करता आली असती. मी भिंतीचाच डाळिंबी रंग उचलून त्याची एकसारखी पट्टी उजव्या चाळीस इंचांवर टाकली आणि डावी कड विरत नेली. दोन मिनिटांचं काम. यंत्राकडून ऐंशी टक्के घ्यावं आणि उरलेलं हाताने करावं. या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला निदान एवढं तरी उरावं.

छापायच्या आधी एक परीक्षा मी नेहमी घेतो. फ्लेक्सचं चित्र ए-फोर कागदावर आडवं छापायचं. तो कागद पावणेबारा इंच लांब, फ्लेक्स बहात्तर, म्हणजे जवळपास सहावा हिस्सा. भिंतीला चिकटवून पाच फुटांवर उभं राहिलं की डोळ्याला तो तेवढाच दिसतो जेवढा रस्त्यापलीकडून, तीस फुटांवरून, फ्लेक्स दिसणार. काकूंना चष्मा न लावता उभं केलं.

"चकली चारशे ऐंशी. चिवडा तीनशे साठ. करंजी..." त्या जरा थांबल्या, "सहाशे. डबा बाराशे पन्नास."

करंजीच्या ओळीशी त्या अडखळल्या, कारण ताटाची कड तिथे अक्षराला खेटत होती. ताट दोन इंच डावीकडे सरकवलं. कागदाचा फोटो काढून तो मोबाइलवर रंग घालवून काळा-पांढराही पाहिला. रंगांत वेगळे वाटणारे आकडे आणि भिंत काळ्या-पांढऱ्यात एकाच राखाडीत मिसळले तर समजायचं की उन्हात, मंद डोळ्यांना ते वाचता येणार नाही. लाल भिंतीवर हिरवे आकडे मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हेच दाखवतो. वाद घालावा लागत नाही.

भाच्याला व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही तेच हवं होतं. आडवं चित्र कापून उभं होत नाही. एकतर पाट जातो नाहीतर भिंत जाते. त्याने तोच प्रॉम्प्ट घेऊन 'उभे छायाचित्र' केलं, भिंत वरच्या भागात मागितली आणि पाट खाली. स्टेटसमध्ये वर नाव येतं आणि खाली उत्तर लिहायची पट्टी, म्हणून दोन्ही टोकांना भाव ठेवले नाहीत.

फ्लेक्स लागला. चौथ्या दिवशी काकू पुन्हा दारात. शेंगदाणे आणि तेल महागलं, चिवडा तीनशे साठला परवडेना. नव्या ऑर्डरींना तीनशे नव्वद करायचे होते, पण नवा फ्लेक्स छापायचा जिवावर आलं होतं. मी फाइल उघडली, डाळिंबी रंगाचे आकडे पाहिले आणि त्याच रंगावर '₹३९०' छापून एक पट्टी कापून दिली. काकूंनी ती स्टुलावर चढून स्वतः चिकटवली. मी पलीकडच्या कट्ट्यावरून पाहिलं, कुठे जोड आहे ते मलाही दिसलं नाही. तिथे वारलीची माणसं नाचत असती तर एकाचं तरी डोकं त्या पट्टीखाली गेलं असतं.